योगासनाची चटई पाय का घसरू देत नाही?

सातपूरच्या एका व्यायामशाळेत नुकतेच एका चटईचे छायाचित्र काढताना पाहिले. चटई जाहिरातीसाठी होती. गुळगुळीत फरशीवर ती अर्धी गुंडाळून ठेवली होती. एका टोकाचा गडद निळा रंग दुसऱ्या टोकापर्यंत फिकट होत गेला होता आणि पृष्ठभागावर बारीक खवले उठवलेले होते. रंग डोळ्यांसाठी, हे उघड आहे. पण ते खवले नक्की काय काम करतात?

आपल्याकडे पूर्वी सतरंजीवर आसने करीत, आजही करतात. गुळगुळीत फरशीवर मात्र सतरंजीच सरकते. आजच्या चटईचा उगम गालिच्याखालच्या फेसाळ अस्तरात आहे. अँजेला फार्मर या योगशिक्षिकेने जर्मनीत शिकवताना ते वापरले आणि 1982 च्या सुमारास त्याची योगासनांसाठी विक्री सुरू झाली. म्हणजे या चटईचे मूळ काम एकच: घसरण थांबवणे.

ते काम ती कितपत करते, हे घरीच मोजता येते. 100 सें.मी. लांबीची सपाट फळी घ्या आणि तिच्यावर चटईचे एक टोक पसरून चिमट्यांनी घट्ट बसवा. लाकडाच्या बुटक्या, रुंद ठोकळ्याच्या तळाला जुन्या चपलेचे चामडे चिकटवा. हा झाला आपला 'पाय'. तो चटईवर ठेवून फळीचे एक टोक सावकाश उचला. ठोकळा घसरू लागताच फळीच्या वरच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. ठोकळा उंच व अरुंद असेल तर तो घसरण्याआधीच कलंडेल. ते वाचन धरू नका.

समजा, कोरड्या चटईवर ठोकळा 60 सें.मी. उंचीवर घसरला. पायथागोरसच्या सिद्धांताने फळीचा पाया 80 सें.मी. येतो. उंची भागिले पाया, म्हणजे 0.75, हा या जोडीचा घर्षणांक. आता चटईवर पाणी शिंपडून पुन्हा पाहा. समजा, ठोकळा 28 सें.मी. उंचीवरच घसरला. पाया 96 सें.मी., म्हणून घर्षणांक सुमारे 0.29.

या आकड्यांचा आसनाशी संबंध काय? त्रिकोणासनाआधी आपण पाय फाकवून उभे राहतो, तेव्हा दोन पाय दुपाती शिडीसारखे दिसतात. शरीराचा भार कमरेवर एकवटला आहे आणि स्नायू पाय आत ओढून धरत नाहीत, असे क्षणभर मानू. मग भार पायाच्या दिशेने तिरपा उतरतो. फळीवर ठोकळ्याचे वजन पृष्ठभागाच्या लंबाशी कोन करते. येथे पाय फरशीच्या लंबाशी कोन करतो. दोन्हीकडे घसरण त्याच कोनाला सुरू होते. पायाची लांबी 75 सें.मी. असेल, तर कोरड्या चटईवर प्रत्येक पाय मध्यापासून 75 × 60 ÷ 100 = 45 सें.मी. बाहेर नेता येईल. दोन पायांत अंतर झाले 90 सें.मी. ओल्या चटईवर हाच हिशेब 21 सें.मी., म्हणजे अंतर अवघे 42 सें.मी.! त्यापुढची जबाबदारी मांड्यांच्या स्नायूंवर पडते. घामेजलेल्या पायांनी उभे राहिल्यावर मांड्या थरथरतात, त्याचे एक कारण हेच.

आता खवल्यांकडे वळू. खडबडीतपणामुळे नेहमीच घर्षण वाढते, असा आपला समज असतो. मऊ रबरी पदार्थाची गोष्ट वेगळी आहे. तो पायाशी जितक्या जास्त जागी प्रत्यक्ष टेकेल, तितका अधिक धरून ठेवतो. म्हणून कोरड्या स्थितीत अगदी सपाट चटई खवल्यांच्या चटईपेक्षाही अधिक धरू शकते. पण घाम आला की सपाट चटई व तळवा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. खवल्यांमधील खाचा त्या पाण्याला बाजूला जायला वाट देतात आणि खवल्यांचे माथे पायाला टेकतात. मोटारीच्या टायरवरील खाचाही पावसात हेच काम करतात.

प्रयोगाची एक मर्यादा लक्षात ठेवा. घर्षणांक भारावर अवलंबून नसतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. मऊ पदार्थांना हा नियम पुरता लागू पडत नाही. भार दुप्पट केल्यावर प्रत्यक्ष टेकलेली जागा दुप्पट होत नाही, म्हणून घर्षणांक थोडा उतरतो. ठोकळ्यावर वजने वाढवून हे पडताळा. हलक्या ठोकळ्याने काढलेला आकडा पूर्ण शरीराच्या भाराला जसाच्या तसा लावू नका.

शेवटी, चटईला दोन बाजू आहेत. वरची बाजू पाय धरते, खालची फरशी धरते. यांपैकी जी आधी सुटेल, तिच्यावर सारे ठरते. फरशीवर धूळ असेल तर उत्तम खवलेही निरुपयोगी. चटई गुंडाळताना वरची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे उलगडल्यावर तिची टोके वर न वळता फरशीला चिकटून राहतील.

आणि तो रंग? गडद आणि फिकट टोकांवर तोच प्रयोग करा. दोन आकडे वेगळे आले, तर कारण रंगाची छटा, तिच्यावरील छपाईचा थर की वापराने झालेली झीज, हे कसे ठरवाल?