बिलाचा दुसरा स्क्रीन : गिऱ्हाईकाला काय दिसावं, काय दिसू नये

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये कपडे घ्या, नाहीतर बदलापूर स्टेशनबाहेर किराणा, काउंटरवरच्या कॉम्प्युटरचं तोंड दुकानदाराकडे असतं. आपल्याला फक्त शेवटचा आकडा ऐकू येतो. बिल बनत असतानाच गिऱ्हाईकाला दिसावं म्हणून दुसरा स्क्रीन कसा लावायचा, ते आज पाहू.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं अंबरनाथ पूर्वेला किराणा दुकान आहे. त्याने जुना मॉनिटर काढला, बाजारातून एचडीएमआय स्प्लिटर आणला आणि दोन्ही स्क्रीन जोडले. चित्र लगेच आलं, पण दोन्हीकडे सारखंच! त्याने वस्तूची माहिती उघडली की खरेदीचा भाव गिऱ्हाईकासमोर. एकदा तर कुणाच्या तरी उधारीची यादी मागच्या रांगेने वाचली. त्याने मला फोन केला, "सर, बंदच करतो हे."

चूक त्याच्या हेतूत नव्हती, स्प्लिटरमध्ये होती. स्प्लिटर एकाच सिग्नलच्या दोन प्रती काढतो, त्यामुळे विंडोजला एकच मॉनिटर दिसतो. हे ओळखणं सोपं आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये एकच चौकोन दिसला, तर दुसरा स्क्रीन कॉम्प्युटरला माहीतच नाही असं समजा. आपल्याला दोन वेगळे पोर्ट हवेत. बऱ्याच जुन्या डेस्कटॉपला मागे व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असतात, तेवढं पुरतं. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर दोन्ही वायरी त्याच कार्डाला लावा. एकच पोर्ट असेल तर यूएसबीवरून स्क्रीन देणारा अडॅप्टर घ्यावा लागतो आणि त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो.

वायर लागली की `Win + P` दाबा आणि `Extend` निवडा. `Duplicate` निवडलं तर पुन्हा स्प्लिटरचीच गत. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये `Identify` दाबून १ आणि २ कुठे आहेत ते बघा. बिल करणारा स्क्रीन मुख्य ठेवा.

इथे एक युक्ती सांगतो. दोन चौकोन शेजारी-शेजारी ठेवले की घाईत माऊस सरकून गिऱ्हाईकाच्या स्क्रीनवर जातो आणि बिल करणारा तो शोधत बसतो. म्हणून दुसरा चौकोन ओढून पहिल्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला तिरका चिकटवा. मग माऊस चुकून तिकडे जाण्याची शक्यता कमी होते.

आता दुसऱ्या स्क्रीनवर काय लावायचं? तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाईकासाठीच्या स्क्रीनची सोय आहे का ते आधी बघा. ओडूमध्ये ती असते. सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये त्यासाठी वेगळं पान देत असेल, तर मुख्य स्क्रीन १३६६ × ७६८ चा आणि स्केल १००% धरून असा शॉर्टकट बनवा (पत्ता तुमच्या सॉफ्टवेअरचा टाका):

```
chrome.exe --kiosk --window-position=1366,768 --user-data-dir=C:\grahak http://localhost:8080/display
```

`--user-data-dir` विसरू नका. क्रोम आधीच उघडा असेल तर तो नवी खिडकी जुन्यातच उघडतो आणि बाकीच्या सूचना ऐकत नाही.

पानावर वस्तू, नग, दर, सूट आणि एकूण एवढंच हवं. शेवटची ओळ आपोआप दिसली पाहिजे आणि अक्षर तीन फुटांवरून वाचता आलं पाहिजे. त्याचा उपयोग कसा होतो बघा. समजा तांदूळ ३१० रुपये, तेलाची एक पिशवी १५५, साबणाचा पॅक १४०, म्हणजे ६०५. स्कॅनरने तेल दोनदा वाचलं की ७६० होतात. कागदी बिलावर ही चूक घरी गेल्यावर सापडते, तीही सापडली तर. स्क्रीनवर तेलापुढे "२" उमटताच समोरची बाई म्हणते, "अहो, एकच घेतलंय." भांडण व्हायच्या आतच मिटतं.

रकमेसह यूपीआयचा क्यूआर दाखवणार असाल तर तो बिल पक्कं झाल्यावरच येऊ द्या. आधी आला तर गिऱ्हाईक ७६० भरून मोकळं होतं आणि तुम्ही १५५ परत करत बसता.

शेवटी लाईट जाण्याचं बघू. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि गिऱ्हाईकाचा मॉनिटर साध्या बोर्डावर असेल, तर लाईट गेली की काही मॉनिटरच्या बाबतीत विंडोज तो निघाला असं समजतं आणि ती खिडकी तुमच्या बिलावर येऊन बसते. `Alt + Tab` ने बिलावर या. लाईट आल्यावर खिडकी जागेवर गेली नाही तर ती निवडून `Win + Shift + →` दाबा. तरीही हलली नाही तर `Alt + F4` ने बंद करून शॉर्टकट पुन्हा उघडा. दोन्हींची वायर एकाच इन्व्हर्टर पॉइंटवर घेतली तर हा प्रकार होत नाही. दुकान उघडण्याआधी एकदा मेन स्विच पाडून बघा, म्हणजे तुमच्याकडे काय होतं ते कळेल.