सेंद्रिय मालाचा चढा दर व प्रमाणपत्राची किंमत

हिंजवडीच्या कारखानदारीमुळे व संगणक-कचेऱ्यांमुळे आमच्या मारुंजी गावाच्या शिवेवर मोठी वस्ती झाली आहे. या वस्तीतील गिऱ्हाईक 'सेंद्रिय' म्हणून विकल्या जाणाऱ्या तांदळास व भाजीस साध्या मालापेक्षा बराच अधिक दर देते. त्यामुळे दोन प्रश्न वारंवार पुढे येतात. गिऱ्हाईक विचारते की, हा जादा पैसा आम्ही नक्की कशाबद्दल देतो? शेतकरी विचारतो की, प्रमाणपत्राच्या खटाटोपात पडून हाती काय राहते? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर प्रमाणपत्र काय सिद्ध करते व काय करीत नाही, हे नीट समजल्यावाचून मिळत नाही. म्हणून प्रथम त्याचाच विचार करू.

प्रमाणपत्र कोणते व कोणाचे

आपल्या देशात मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिली 'राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम' ही होय. ती 2001 सालापासून केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्याखाली, अपेडा या संस्थेमार्फत चालते. तीत सरकारमान्य प्रमाणन संस्थेचा तपासनीस बाहेरून येऊन तपासणी करतो. दुसरी पद्धत कृषी खात्याची असून तिला 'पीजीएस' म्हणतात. तीत निदान पाच शेतकऱ्यांचा गट असतो, व गटातील शेतकरी एकमेकांच्या शेताची पाहणी करून परस्परांची हमी घेतात. ती देशातील विक्रीपुरतीच आहे. पुढे 2017 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम करून, बाजारात सेंद्रिय म्हणून विकावयाच्या मालास या दोहोंपैकी एका पद्धतीचा आधार लागेल असे ठरविले, व 'जैविक भारत' हे चिन्ह काढले. जो लहान शेतकरी स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकास विकतो त्यास या सक्तीतून सूट देण्यात आली, परंतु असे चिन्ह लावण्याचा अधिकार त्यास मिळाला नाही. चिन्हांची चित्रे व नावे सरकार वेळोवेळी बदलते. वाचकांनी चित्रापेक्षा त्यामागील नोंदीकडे पाहावे.

नोंद म्हणजे काय

आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली असल्यामुळे ही गोष्ट सात-बाऱ्याच्या दृष्टांताने सांगतो. अधिकार अभिलेखातील नोंद ही उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 157 मध्ये म्हटले आहे. म्हणजे नोंद हा एक भरवशाचा पुरावा असतो. परंतु ती नोंद म्हणजे प्रत्यक्ष जमीन नव्हे. पीकपाहणीत 'भात' लिहिले असेल तर त्या हंगामात त्या गटात भात होते इतके मानता येते. ते भात कसे उतरले, पोत्यात काय भरले, हे त्यावरून कळत नाही.

सेंद्रिय प्रमाणपत्राचेही असेच आहे. अमुक इसमाने, अमुक गट नंबरात, अमुक मुदतीत, अमुक पीक ठरलेल्या नियमांनी घेतले, असे ते सांगते. ते पिकविण्याच्या रीतीचे प्रमाणपत्र आहे. तपासनीस वर्षातून निदान एकदा येतो. तो शेत फिरून पाहतो, कोठीत कोणत्या पिशव्या व बाटल्या आहेत ते पाहतो, बी-बियाण्याच्या व खताच्या पावत्या तपासतो, आणि शेजाऱ्याच्या बांधालगत सोडलेला पट्टा पुरेसा आहे की नाही हे पाहतो. मोठ्या गटाचे प्रमाणपत्र असेल तर गटाचेच लोक आतली पाहणी करतात आणि बाहेरचा तपासनीस निवडक शेतेच पाहतो. म्हणून गटाच्या प्रमाणपत्राची भिस्त गटाच्या प्रामाणिकपणावर अधिक असते.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असाही अर्थ नव्हे. निंबोळी अर्क चालतो, आणि आपल्या परिचयाचे बोर्डो मिश्रण हेही काही मर्यादेत चालते. बंदी आहे ती कृत्रिम औषधांना व रासायनिक खतांना.

प्रयोगशाळेचा दाखला व तपासणी यांतील भेद

पुष्कळांचा समज असा असतो की, माल प्रयोगशाळेत पाठविला की खरेखोटे बाहेर पडते. हा समज अपुरा आहे. औषधांचा अंश शोधणारी परीक्षा औषधांचाच अंश शोधते. भातास युरिया दिला असेल तर त्या परीक्षेत तो दिसत नाही, कारण युरियातील नत्र पिकात शिरल्यावर शेणखतातील नत्राहून या परीक्षेने निराळे ओळखता येत नाही. तेव्हा युरिया दिला नाही याचा पुरावा कोठी, पावत्या व शेजारी यांकडूनच मिळावयाचा. उलट शेजाऱ्याच्या शेतातून वाऱ्याने आलेले औषध कागदांत कोठेच दिसणार नाही. ते प्रयोगशाळाच दाखवील. एक पुरावा दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय प्रयोगशाळेचा दाखला हा तिच्याकडे आलेल्या नमुन्यापुरताच असतो, उरलेल्या पोत्यांचा नव्हे.

माल शेतातून निघाल्यावरही बिघाड होतो. 2020 साली भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड या धुरी देण्याच्या वायूचा अंश सापडला, व त्यात सेंद्रिय म्हणून प्रमाणित झालेला तीळही होता. त्या प्रकरणानंतर युरोपीय संघाने 2021 साली पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेण्याचे ठरविले.

तर मग चिन्हास काहीच अर्थ नाही काय? तसे नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली पूर्वीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. साध्या मालाच्या शेकडा 38 नमुन्यांत औषधाचा अंश आढळला, तर सेंद्रिय मालाच्या शेकडा 7 नमुन्यांत. फरक मोठा आहे. पण तो शून्याचा नाही. आपल्या 2017 च्या नियमांनीही सेंद्रिय मालास साध्या मालाच्या मर्यादेच्या शेकडा 5 इतका अंश, किंवा यंत्रास मोजता येईल तो किमान अंश, यांपैकी जो अधिक असेल तोवर मुभा ठेवली आहे.

मारुंजीसारख्या शहरालगतच्या गावी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वस्तीचे सांडपाणी ज्या ओढ्यात येते त्याचे पाणी पालकास दिल्यास जंतूंचा धोका संभवतो, व कारखान्याचे पाणी मिसळत असेल तर शिसे, कॅडमियम असे धातूही पिकात येऊ शकतात. औषधांच्या परीक्षेत धातू दिसत नाहीत; त्यांची परीक्षा निराळी मागावी लागते. 'सेंद्रिय' या चिन्हावरून ताजेपणा, स्वच्छ धुणे, किंवा तांदूळ खरोखर इंद्रायणीच आहे, यांपैकी काहीच सिद्ध होत नाही.

जादा दराचा हिशेब

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. पुढील आकडे हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतील आकडे त्या जागी घालावेत.

एक एकर इंद्रायणी भात साध्या रीतीने 18 क्विंटल उतरले असे धरू. भरडल्यावर शेकडा 60 प्रमाणे 1,080 किलो तांदूळ होतो. दर किलोस 60 रुपये धरल्यास 64,800 रुपये आले. सेंद्रिय रीतीने उतार शेकडा 20 ने घटला असे मानू. तांदूळ 864 किलो झाला. तेवढेच 64,800 रुपये यावयास दर 75 रुपये हवा. येथे पुष्कळांची चूक होते. उत्पन्न शेकडा 20 ने घटले म्हणजे दर शेकडा 20 ने वाढवून भागत नाही; तो शेकडा 25 ने वाढवावा लागतो.

निंदणीची मजुरी 6,000 रुपयांनी वाढली आणि खत-औषधाचे 4,000 वाचले, तर 2,000 रुपये अंगावर पडले. प्रमाणनाचा वाटा 1,000 रुपये धरला. हे 3,000 रुपये 864 किलोंवर पसरले की किलोस सुमारे साडेतीन रुपये होतात. दर साडेअठ्ठ्याहत्तर रुपयांवर आला.

परंतु खरा भार संक्रमण-काळाचा असतो. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमाने हंगामी पिकास पेरणीपूर्वी दोन वर्षे जमीन नियमाखाली असावी लागते. पूर्वीचा पुरावा असल्यास काही सवलत मिळू शकते. या दोन वर्षांत उतार घटतो, पण माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. 216 किलो तांदळाची तूट 60 रुपयांप्रमाणे 12,960 रुपये, वर 3,000 खर्च. दोन वर्षांचे 31,920 रुपये झाले. हे पुढील पाच हंगामांत वसूल करावयाचे तर किलोस आणखी सुमारे सात रुपये चाळीस पैसे पडतात. म्हणजे शेतकऱ्यास निव्वळ बरोबरीत राहण्यासच सुमारे 86 रुपये दर हवा. दुकानात तोच तांदूळ 120 रुपयांस विकला जात असेल, तर वरचे 34 रुपये सफाई, पिशव्या, वाहतूक, न खपलेला माल व दुकानदाराचा नफा यांत जातात. गिऱ्हाइकाने दिलेल्या 60 रुपये जादा दरापैकी शेतकऱ्याचे 26 रुपयेच, आणि तेही तूट भरून काढण्यापुरते.

यावरून आमच्या गावास लागू पडणारा निष्कर्ष असा. ज्याची जमीन आणखी सात वर्षे नांगराखाली राहील अशी खात्री नाही, किंवा जो अकरा महिन्यांच्या बोलीवर दुसऱ्याची जमीन कसतो, त्याने संक्रमणाचा भार उचलू नये. दुसऱ्याच वर्षी जमिनीचे प्लॉट पडले तर सोसलेली तूट परत येण्याचा मार्ग उरत नाही. अशाने ओळखीच्या गिऱ्हाइकास शेत दाखवून थेट विकावे व जे केले तेच सांगावे.

खोटा माल कसा ओळखावा

सर्वांत सोपी कसोटी वजनाची आहे. प्रमाणपत्राबरोबर क्षेत्र व पीक यांची यादी असते, ती मागावी. त्यावरील नाव, गट नंबर व मुदतीची अखेरची तारीख पाहावी. नंतर गुणाकार करावा. एका एकरात सुमारे साडेआठ-नऊ क्विंटल सेंद्रिय तांदूळ होत असता, एका एकराच्या कागदावर कोणी वर्षात 40 क्विंटल विकीत असेल, तर उरलेला तांदूळ त्या शेतातला नाही हे सांगण्यास प्रयोगशाळा लागत नाही. तसेच ज्याच्या प्रमाणपत्रात फक्त भात आहे, त्याने त्याच कागदाच्या जोरावर टोमॅटो विकू नये. प्रत्येक विक्री प्रमाणित क्षेत्राच्या उत्पन्नातून वजा होत जाते अशी राष्ट्रीय कार्यक्रमात व्यवस्था आहे, व त्यासाठी व्यवहाराचा स्वतंत्र दाखला मिळतो. घाऊक खरेदीदाराने तो मागावाच.

शेतकऱ्यानेही आपली वही अशीच ठेवावी: पेरले किती, कापले किती, बांधालगतच्या पट्ट्यातले वेगळे काढून साधे म्हणून विकले किती, भरडले किती, विकले किती व कोणास. ही बेरीज जुळली तर तपासनीस कधीही येवो, उत्तर तयार असते. आणि 86 रुपये का मागता, असे गिऱ्हाइकाने विचारले तर तीच वही त्याच्यापुढे उघडून ठेवता येते.