‘आज बसू या’ म्हणणाऱ्याला नको कसं म्हणावं

॥ जय सद्गुरू ॥

मागच्या बैठकीनंतर तीन-चार तरुण दादांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. पगार झाला की कामावरची मंडळी म्हणतात, ‘चल, आज बसू या.’ बसायचं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. जायचं तर नाहीच. पण नाही म्हटलं की ‘का?’ येतं. कारण सांगितलं की चेष्टा होते, आणि नाही सांगितलं तर ‘फार शहाणा समजतो स्वतःला’ असं होतं. मग म्हणावं तरी काय? आजचा पाठ एवढ्याच प्रश्नावर आहे. तो घरी मोठ्याने वाचावा, म्हणजे आई, ताई, वहिनी सगळ्यांच्या कानावर जाईल.

*एका दादाची गोष्ट*

आपल्यातलाच एक दादा पांडेसऱ्याच्या बाजूला एका डाईंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात आहे. खात्यात आपले खानदेशी, गुजराती, ओडिया, यूपीचे असे सगळे मिळून काम करतात. एका शनिवारी बेत ठरला, दमणला जायचं. गुजरातेत दारूबंदी आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा १९६० साली गुजरात वेगळं झाल्यावरही इथे चालूच राहिला. दमण मात्र गुजरात राज्यात कधीच नव्हतं, तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते. म्हणून सुरतेची ‘पार्टी’ म्हटलं की पहिलं नाव दमणचं निघतं.

दादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘बघतो.’ त्याच्या मनात नकार होता, पण तोंडातून ‘बघतो’ निघालं. मित्रांनी त्याला धरून सात जण मोजले आणि साडेतीन हजारात गाडी ठरवली, माणशी पाचशे. शनिवारी संध्याकाळी दादाने फोन केला, ‘आईला बरं नाही.’ गाडी सहा जणांत गेली आणि प्रत्येकाला त्र्याऐंशी रुपये जास्त पडले.

आईला बरं नाही म्हटल्यावर मित्र काय करणार? सोमवारी सुट्टी झाल्यावर दोघं जण केळी-सफरचंदं घेऊन घरी आले. दार आईनेच उघडलं. ती बिचारी म्हणाली, ‘मले काय झालं? मी त बरी शे.’

दादा आम्हाला म्हणाला, ‘त्या दिवशी मला लाज वाटली ती न गेल्याची नाही, त्या फळांची.’ त्र्याऐंशी रुपयांवर कोणी रागावलं नव्हतं. राग होता तो वेळेवर न सांगण्याचा आणि खोटं बोलण्याचा. आणि तुटक कोण ठरलं? दादाच.

*चूक कुठे झाली*

पहिली चूक ‘बघतो’. आपल्या बोलीत ‘बघतो’, ‘पाहू’, ‘सांगतो नंतर’ हे शब्द अर्धा होकार असतात. आपण ते समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बोलतो, पण तो माणूस त्यावर गाडी ठरवतो. नकार द्यायचाच असेल तर तो विचारलं त्याच वेळी द्यावा. तेव्हा तो हलका असतो. शनिवारी संध्याकाळपर्यंत तोच जड होतो.

दुसरी चूक कारण देण्याची. खोटं कारण तर नाहीच द्यायचं, पण खरं कारणही देण्याची गरज नाही, हे नीट समजून घ्या. कारण दिलं की समोरच्याच्या हातात दोरी जाते आणि तो ओढत बसतो. ‘पैसे नाहीत’ म्हटलं की ‘मी देतो’. ‘घरी ओरडतील’ म्हटलं की ‘कोण सांगणार घरी?’. ‘गुजरातेत बंदी आहे’ म्हटलं की ‘म्हणून तर दमणला चाललोय’. ‘पोटाचा त्रास आहे’ म्हटलं की ‘मग बियर घे’. प्रत्येक कारणाला उत्तर तयार असतं. ती मंडळी वाईट नसतात. तुम्ही कारण सांगितलं म्हणजे अडचण सांगितली असं त्यांना वाटतं, आणि मित्राची अडचण सोडवायची हे ते आपलं काम समजतात.

या दादाचं खरं कारण वेगळंच होतं. त्याच्या घरात दारूने एक माणूस गेलेला आहे. पूर्वीच्या एका कामावर त्याने ते एकदा मोकळेपणाने सांगितलं होतं. आठ दिवसांत ती गोष्ट सगळ्या खात्यात पसरली आणि कोणी भांडलं की तोंडावर यायला लागली. घरचं दुःख ज्याला सांभाळता येईल त्यालाच सांगावं. चहाच्या टपरीवर ते सांगायलाच हवं असं कोणतंही बंधन नाही.

तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी. ‘आमच्या गुरूंनी सांगितलंय’ हेही कारणच आहे. ते पुढे केलं की दोन गोष्टी होतात. एक तर समोरच्याला वाटतं, हा आपल्याला पापी म्हणतोय. दुसरं, चेष्टा आपल्यावर न थांबता सद्गुरूंपर्यंत जाते. आपल्या नकाराची ढाल म्हणून आपण त्यांना पुढे उभं करू नये. कोणी खरोखर जाणून घ्यायला विचारलं तर वेगळ्या वेळी, बसून, जरूर सांगावं.

*मग म्हणायचं काय*

तीन लहान वाक्यं, आणि ती याच क्रमाने.

आधी त्याने विचारलं याचा मान ठेवा: ‘बरं वाटलं भाऊ, माझी आठवण ठेवली.’
मग नकार, स्पष्ट आणि हसून: ‘पण मला मोजू नका, मी येणार नाही.’
मग त्यांच्यासाठी चांगलं काही: ‘तुम्ही जाऊन या, गाडी सांभाळून चालवा.’

‘मला मोजू नका’ हे चार जणांत फार कामाचं आहे, कारण वर्गणी आणि गाडीचा हिशेब तिथेच पुरा होतो. गुजराती सोबत्याला म्हणावं, ‘मने नहीं फावे भाई, तमे जई आवो.’ हिंदीत, ‘मेरा नहीं जमेगा भाई, आप लोग हो आओ.’ ‘फावे’ आणि ‘जमेगा’ हे शब्द चांगले, कारण त्यात दोष कोणावरच येत नाही.

‘पण का?’ आलं तर नवीन वाक्य शोधू नका. ‘बस, आपलं नाही जमत ते’ एवढंच, तेही हसत. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी वेगळं बोललात की समोरच्याला कळतं, अजून ओढता येईल. तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं की बहुतेक जण विषय बदलतात. आणि बोलून झालं की लगेच उठून जाऊ नका. दोन मिनिटं तिथेच थांबा, मशीनचं, मॅचचं काहीतरी बोला. नकार देऊन पाठ फिरवली की तो राग वाटतो.

नकाराची आपल्याला वाटते तेवढी समोरच्याला टोचणी नसते. अमेरिकेतल्या ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क या दोन संशोधकांनी दोन हजारांहून जास्त लोकांवर प्रयोग करून २०२३ साली हेच मांडलं. आमंत्रण नाकारणारा माणूस समोरच्याला किती राग येईल याचा अंदाज जास्तच लावतो, प्रत्यक्षात राग तेवढा येत नाही.

*तुटकपणा कशाने जातो*

त्या तीन वाक्यांनी नकार होतो. आपलेपणा मात्र बाकीच्या सहा दिवसांत ठरतो. जो माणूस एरवीही चहाला येत नाही, डबा एकटा खातो आणि फक्त पार्टीलाच नाही म्हणतो, तो कितीही गोड बोलला तरी तुटकच वाटणार.

आपल्या दादाने पुढच्या पगाराच्या आधी हेच केलं. फळं आणणाऱ्या दोघांना त्याने सरळ सांगितलं, ‘त्या दिवशी मी खोटं बोललो, चुकलं माझं. मला यायचं नव्हतं.’ का यायचं नव्हतं, ते सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. मग एका रविवारी सकाळी खात्यातल्या सगळ्यांना त्याने लोचो खायला नेलं. पुढच्या महिन्यात पुन्हा दमण निघालं. दादाने त्याच क्षणी तीन वाक्यं म्हटली. एक जण म्हणाला, ‘भगत आहे रे!’ दादा हसला, ‘असू दे, भगतसाठी येताना काजू आणा.’ सोमवारी त्यानेच विचारलं, ‘कशी झाली रे दमणची?’ आणि तोंड वाकडं न करता सगळं ऐकलं. काजूचं पाकीट खरंच आलं होतं.

सोमवारचा तो प्रश्न विसरू नका. तुम्ही पार्टीला नाही म्हटलं, माणसांना नाही, हे त्यातूनच त्यांना कळतं.

*दोन ठिकाणी सावध*

‘पिऊ नको, नुसता बसायला ये, थंड घे’ असं कोणी म्हणेल. बेत सुरतेतच चोरून कुठे असेल तर तिथेही तेच वाक्य म्हणा. धाड पडली तर तुमच्या ग्लासात काय होतं ते समजावत बसावं लागेल. दमणहून परततानाही हद्दीवर तपासणी होते, ३१ डिसेंबरच्या सुमारास जास्तच. निरोप समारंभासारखं खरं जेवण असेल तर भेटवस्तूची वर्गणी आधी द्या, जेवणाला जा, आणि आपल्या गाडीने लवकर निघा.

दुसरं, जे दादा पूर्वी घेत होते आणि आता सोडलं आहे त्यांच्यासाठी. तुमचे सोबती तुम्हाला ओळखतात, ते जास्त ओढतील. तुम्ही एकटे पडू नका. कामावरच्या एका भरवशाच्या माणसाला खरं सांगून ठेवा. चार जणांत तो एक ‘जाऊ द्या त्याला’ म्हणाला की तुमचं निम्मं ओझं उतरतं.

*घरच्यांसाठी*

माउलींनो, मुलाला वाचवायला ‘माझं नाव सांग, मी आजारी आहे म्हण’ असं सांगू नका. त्यापेक्षा त्याच्या सोबत्यांना एकदा घरी जेवायला बोलवा. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन गेलेला माणूस आपल्या मुलाला सहसा गर्विष्ठ म्हणत नाही.

या आठवड्यात घरी एवढंच करा: एकाने मित्र व्हायचं, ‘चल ना रे, आज बसू या’ म्हणून तीनदा आग्रह करायचा. दुसऱ्याने कारण न देता, हसत, तीनदा तेच वाक्य म्हणायचं. कुठे अडलं ते पुढच्या बैठकीत सांगा.

॥ जय सद्गुरू ॥