मेथीचं पाणी आणि एलडीएलचा आकडा

आहारसल्ल्याचं काम करताना कोलेस्टेरॉलवरचे घरगुती उपाय रोज कानावर येतात. त्यातून पक्कं झालेलं थोडं:

१. पाणी पिऊन मेथ्या टाकून देऊ नका. मेथीतले चिकट तंतू आतड्यात पित्ताम्ल धरून ठेवतात, ते शौचावाटे जातं आणि नवं पित्ताम्ल करायला यकृत कोलेस्टेरॉल वापरतं. हे तंतू मुख्यतः दाण्यातच राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मधुमेहींवर केलेल्या अभ्यासांत मेथीची पूड दिली होती, एका अभ्यासात रोज १०० ग्रॅम, दुसऱ्यात २५ ग्रॅम. आपला चमचा चार-पाच ग्रॅमचा! जास्त घ्यायची तर हळूहळू वाढवावी, नाहीतर पोट फुगतं, जुलाब होतात. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण साखर जास्त उतरू शकते.

२. लसूण चटणीसाठी खावा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९२ जणांना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस कच्चा लसूण, लसणाच्या गोळ्या किंवा नुसत्या नकली गोळ्या दिल्या. २००७ साली निकाल छापून आला. एलडीएल कुठल्याच गटात लक्षात येण्याइतकं हललं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

३. आवळ्याचे चांगले निकाल आहेत, पण छोट्या चाचण्यांतले आणि बहुतेक अर्काचे. मोरावळ्यात तर साखरच भरपूर. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. ते जास्त शोषलं जावं म्हणून केलेल्या कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे. भाजीतल्या हळदीची काळजी नको.

४. आकडा उतरला म्हणजे उपाय लागू पडला, असं नाही. एक मावशी रिपोर्ट घेऊन आल्या. आधी एकूण कोलेस्टेरॉल २३६, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १८०. बऱ्याच लॅब एलडीएल हिशेबाने काढतात: एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. म्हणजे १५८. दोन महिने मेथीचं पाणी घेतल्यावर २२१, ४३ आणि १४५, म्हणजे १४९. मावशी खूश, डॉक्टरांनी लिहिलेली स्टॅटिनची गोळी आता कशाला, असं त्यांचं म्हणणं.

नऊ अंकांचा फरक म्हणजे सहाएक टक्के. काहीही न करता एलडीएल एवढं खाली-वर होतंच. शिवाय, विचारल्यावर कळलं, संध्याकाळचं फरसाणही याच काळात बंद झालं होतं. श्रेय कोणाला द्यायचं?

मी त्यांना अमेरिकेतल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. तिथे रोसुवास्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीने २८ दिवसांत एलडीएल सरासरी ३८ टक्क्यांनी उतरलं. लसूण आणि हळदीच्या गोळ्या नकली गोळीहून सरस ठरल्या नाहीत. मावशींनी १५८चे ३८ टक्के मोबाइलवर काढले. उरले ९८. गोळी सुरू झाली, फरसाण बंदच राहिलं. मेथ्या आता पाण्यासकट चावून खातात.