वक्र दरवाजावरील पाण्याचा भार आणि त्याची क्रियारेषा

पावसाळ्यात तापी व पूर्णा या नद्यांच्या वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला की खान्देशात एक बातमी हमखास येते : हतनूर धरणाचे इतके दरवाजे उघडण्यात आले, नदीकाठच्या गावांनी सावध राहावे. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ असलेल्या या धरणाच्या सांडव्यावर ४१ वक्र दरवाजे आहेत. तेथून सुटलेले पाणी तापीच्या पात्रातून धुळे जिल्ह्यात शिरपूर व शिंदखेडा तालुक्यांच्या सीमेवरून वाहत सुलवाडे बंधाऱ्याकडे येते आणि पुढे नंदुरबार जिल्ह्यात जाते. ही सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणाऱ्या सरपंचाला आणि ती वर्गात समजावून सांगणाऱ्या शिक्षकाला एक साधा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. शेकडो टन पाण्याचा रेटा ज्या दरवाजावर आहे, तो दरवाजा दोन दोरांच्या आधाराने इतक्या सहजपणे वर कसा उचलला जातो? या प्रश्नाचे उत्तर दरवाजाच्या वक्राकारात दडलेले आहे.

वक्र दरवाजा म्हणजे वर्तुळाच्या परिघाचा एक तुकडा होय. पोलादी पत्र्याचा हा पृष्ठभाग पाण्याच्या बाजूस फुगीर असतो. त्याच्या पाठीमागून निघालेल्या पोलादी भुजा दोन्ही बाजूंच्या दगडी अथवा काँक्रीटच्या खांबांकडे जातात आणि तेथे एका जाड खिळीवर टेकतात. अभियंते या टेकूला ट्रनियन म्हणतात. दरवाजाच्या वर्तुळाचा मध्यबिंदू नेमका या खिळीच्या मध्यावर ठेवलेला असतो. बैलगाडीच्या चाकाचा एक तुकडा धावेसह व आऱ्यांसह कापून घेतला आणि तुंब्याशी फिरता ठेवला, तर जी आकृती दिसेल तीच ही.

दोन बले

विवेचनासाठी एक सोयीचा दरवाजा घेऊ. पुढील आकडे हतनूरच्या दरवाजांचे नसून हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून निवडलेले आहेत. दरवाजाची रुंदी १२ मीटर, उंबऱ्यापासून पाण्याची खोली ६ मीटर, वर्तुळाची त्रिज्या ६ मीटर आणि खीळ पाण्याच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे उंबऱ्यापासून ३ मीटरवर आहे.

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. पृष्ठभागावर तो शून्य असतो आणि ६ मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरला ६ टन होतो. सरासरी दाब ३ टन आला. दरवाजा वाकलेला असला तरी आडव्या बलाच्या हिशेबात त्याची समोरून दिसणारी उभी सावली तेवढी धरावयाची असते. ही सावली १२ गुणिले ६, म्हणजे ७२ चौरस मीटरची आहे. म्हणून आडवे बल २१६ टन झाले. दाब तळाशी अधिक असल्यामुळे हे बल मध्यावर न लागता उंबऱ्यापासून एकतृतीयांश उंचीवर, म्हणजे २ मीटरवर लागते. ते खिळीच्या पातळीच्या १ मीटर खाली आहे.

उभे बल समजण्यास थोडे अवघड आहे आणि विद्यार्थी बहुधा तेथेच चुकतात. दरवाजाचा वरचा निम्मा भाग मागे कललेला असल्याने पाणी त्याच्यावर बसते व त्याला खाली दाबते. खालच्या निम्म्या भागाच्या पोटाखाली पाणी असते, ते त्याला वर रेटते. खालचे पाणी अधिक खोल असल्याने वर रेटणारे बल वरचढ ठरते. ते किती, हे सांगण्यास आर्किमिडीजचे तत्त्वच पुरेसे आहे. दरवाजाची कड बाजूने पाहिली तर ती ताणलेल्या धनुष्यासारखी दिसते. वरच्या व खालच्या टोकांना जोडणारी सरळ रेषा ही त्या धनुष्याची दोरी. दोरी आणि धनुष्य यांमधील जागेत पाणी असते, तर त्याचे जे वजन झाले असते, तेवढेच हे उचल बल असते. आपल्या उदाहरणात त्या जागेचे क्षेत्रफळ ३.२६ चौरस मीटर येते. १२ मीटर रुंदीला ते ३९ घनमीटर पाणी झाले. म्हणून उभे बल ३९ टन, वरच्या दिशेने.

या दोन बलांचा मेळ घातला की २१९.५ टनांचे परिणामी बल मिळते. त्याची दिशा आडव्या रेषेपासून सुमारे १० अंशांनी वर झुकलेली असते.

क्रियारेषा खिळीतूनच का जाते

परिणामी बल किती, एवढे कळून भागत नाही. ते कोणत्या रेषेवरून लागते, यावर दरवाजाचे भवितव्य ठरते. आडवे २१६ टनांचे बल खिळीच्या १ मीटर खालून लागते. त्यामुळे ते दरवाजाला खाली फिरवू पाहते, म्हणजे बंद करू पाहते. त्याची फिरवण्याची शक्ती, जिला आघूर्ण म्हणतात, २१६ टन-मीटर आहे. उभे बल धनुष्य व दोरी यांमधील जागेच्या गुरुत्वमध्यातून लागते. हा मध्य खिळीपासून ५.५२ मीटर अंतरावर, पाण्याच्या बाजूस आहे. ३९.१३ टन गुणिले ५.५२ मीटर हा गुणाकार पुन्हा २१६ टन-मीटरच येतो. परंतु हे आघूर्ण दरवाजाला वर उचलू पाहते. एक बंद करू पाहतो, दुसरा उघडू पाहतो, आणि दोघांची शक्ती अगदी बरोबरीची ठरते.

हा योगायोग नव्हे. स्थिर पाण्याचा दाब कोणत्याही पृष्ठभागावर नेहमी काटकोनातच लागतो. वर्तुळाच्या परिघावर काटकोनात काढलेली प्रत्येक रेषा मध्यबिंदूतून जाते. म्हणजे दरवाजाच्या प्रत्येक वितीवरील पाण्याचा रेटा चाकाच्या आऱ्याप्रमाणे थेट खिळीकडे धावतो. सर्व बले एकाच बिंदूतून जात असतील, तर त्यांची बेरीजही त्याच बिंदूतून गेली पाहिजे. वरील लांबलचक हिशेब त्या एका वाक्याचा ताळा आहे, इतकेच.

पाणी कमी झाले तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. समजा, पाणी खिळीच्या पातळीपर्यंत उतरले आणि खोली ३ मीटर राहिली. आडवे बल २१६ वरून एकदम ५४ टनांवर येते, कारण खोली निम्मी झाली की बल चौथाई होते. उभे बल मात्र सुमारे १९.६ टन राहते. परिणामी बल ५७.४ टन होऊन त्याचा झुकाव १० अंशांवरून २० अंशांवर जातो. बल बदलले, दिशा बदलली; पण क्रियारेषा खिळीतूनच जाते.

त्यामुळे दरवाजा उचलणाऱ्या यंत्राला पाण्याच्या २१९ टनांशी झुंजावे लागत नाही. तो सारा भार भुजांमधून खिळीकडे व खिळीतून खांबात जातो. खांबाच्या काँक्रीटमध्ये खोलवर गाडलेल्या पोलादी सळ्या तो पेलतात. यंत्राला उचलावे लागते ते दरवाजाचे स्वतःचे वजन आणि कडेच्या रबरी पट्ट्यांचे व खिळीचे घर्षण. हाच दरवाजा सपाट असता आणि खाचेत घासत वर सरकत असता, तर चित्र वेगळे दिसले असते. घर्षणांक ०.३ धरला तरी केवळ घासणीपोटी ६५ टनांची ओढ लागली असती.

खिळीचे घर्षण

येथपर्यंतचे विवेचन पाठ्यपुस्तकात सापडते. खिळीचे घर्षण मात्र बहुधा एका ओळीत उरकले जाते. ते तसे उरकण्याजोगे नाही.

दरवाजा हलू लागला की खीळ आपल्या घरात घासते. खिळीचा व्यास ३० सेंटिमीटर आणि घर्षणांक ०.१५ मानला, तर परिणामी बलाची रेषा मध्यबिंदू सोडून सव्वादोन सेंटिमीटर बाजूला सरकते. हे अंतर क्षुल्लक वाटते, पण २१९.५ टनांना ते लावले की जवळजवळ ५ टन-मीटरचे आघूर्ण तयार होते. वंगण सुकले, गंज चढला आणि घर्षणांक ०.३ झाला, तर रेषा साडेचार सेंटिमीटर सरकते व आघूर्ण १० टन-मीटरच्या घरात जाते.

आता हे आघूर्ण कोणाला जाणवते ते पाहावे. उचलणारा दोर खिळीपासून सुमारे ६ मीटरवर असतो. त्यामुळे त्याच्यावरील ओढ जेमतेम पाऊण टनावरून दीड-पावणेदोन टनांवर जाते. दरवाजाचे वजनच कित्येक टन असताना यंत्रावरील माणसाला हा फरक कळतही नाही. भुजांना मात्र तो कळतो. भुजा मुख्यतः दाब सोसण्यासाठी, उभ्या खांबासारख्या आखलेल्या असतात, आणि येथे त्यांना वाकवणारे बल लागते. ते खिळीजवळच्या टोकाशी सर्वांत अधिक असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील फोल्सम धरणावर १७ जुलै १९९५ रोजी नेमके हेच घडले. जलाशय भरलेला असताना तिसऱ्या क्रमांकाचा वक्र दरवाजा नेहमीप्रमाणे उघडला जात होता. तो थोडासा वर आला आणि भुजांना एकमेकींशी जोडणारा खिळीजवळचा एक तिरपा आडदांडा आपल्या जोडापाशी तुटला. आधार गेल्याने भुजा वाकल्या आणि दरवाजा पाण्याबरोबर गेला. सेकंदाला सुमारे ४० हजार घनफूट, म्हणजे ११०० घनमीटरांहून अधिक पाणी मोकळे सुटले. जीवितहानी झाली नाही, हे सुदैव. धरण १९५६ साली पूर्ण झाले, त्या वेळी आराखड्यात खिळीच्या घर्षणाने भुजांवर येणारा ताण धरलेला नव्हता. पुढील सुमारे चार दशकांत खिळी गंजत गेल्या आणि घर्षण हळूहळू वाढत राहिले. दरवाजा मात्र दर वर्षी उघडत व मिटत होता, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

हा दोष ओळखावयाचा कसा? दरवाजा सरळ वर न येता थांबत-थांबत, धक्के घेत उचलला जाणे, खिळीकडून करकर ऐकू येणे, यंत्राची मोटर पूर्वीपेक्षा अधिक वीज घेणे ही लक्षणे आहेत. परंतु वर पाहिल्याप्रमाणे मोटरवरील फरक फार थोडा असतो, म्हणून केवळ तिच्या भरवशावर राहता येत नाही. खात्रीची जागा भुजांचे खिळीजवळचे जोड ही होय. तेथील रंगाला पडलेल्या बारीक भेगा, सैल झालेले बोल्ट, वेल्डिंगलगत उतरलेला गंजाचा ओघळ हे दुर्बिणीने नव्हे, तर शिडी लावून जवळून पाहावयाचे असते. वंगण नळीत भरले एवढ्याने काम होत नाही. जुने काळे वंगण खिळीच्या दुसऱ्या कडेने बाहेर आले, तरच नवे आत पोचले असे समजावे.

घर्षण नसतानाही क्रियारेषा चुकण्याचे आणखी एक कारण संभवते. उभारणीच्या वेळी वर्तुळाचा मध्य आणि खिळीचा मध्य एकमेकांशी जुळले नाहीत, तर तेवढ्याच अंतराने बलाची रेषा कायमची सरकते. २ सेंटिमीटरच्या चुकीने आपल्या दरवाजावर सुमारे साडेचार टन-मीटरचे आघूर्ण येते, म्हणजे वंगण केलेल्या खिळीच्या घर्षणाइतकेच. म्हणून पत्रा जोडताना खिळीच्या मध्यापासून तार ताणून वर, मध्ये व खाली आणि दोन्ही कडांना त्रिज्या मोजली जाते, आणि ती सर्वत्र सारखी भरल्यावरच जोड पक्के केले जातात.