लाभांशावर कापलेला कर कंपनीचा नव्हे

एका कौटुंबिक खासगी कंपनीच्या वह्या मागच्या वर्षी माझ्याकडे तपासणीला आल्या. नफ्यातोट्याच्या पत्रकात ‘लाभांश खर्च 2,70,900’ अशी ओळ होती. तेवढ्यावरूनच कळलं की आत आणखी काहीतरी आहे. लाभांश हा खर्च नसतोच. नफा ठरल्यावर मालकांनी त्यातून घेतलेला तो वाटा असतो. आणि रक्कमही अशी तुटक? नक्कीच कर कापून उरलेली.

प्रकरण साधं होतं. 50,000 शेअर, शेअरमागे 6 रुपये, म्हणजे एकूण लाभांश 3,00,000. वडिलांचे 25,000 शेअर, मुलाचे 15,000, आत्यांचे 8,500 आणि आईचे 1,500. सभेनं 20 सप्टेंबर 2025 ला तो मंजूर केला. तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 194 प्रमाणे निवासी भागधारकाचा 10 टक्के कर कापायचा होता. पण व्यक्तीला वर्षभरात 10,000 रुपयांपर्यंतच लाभांश, तोही रोखीनं नव्हे, मिळत असेल तर कापायचा नव्हता. आईंचे 9,000 त्यामुळे सुटले. तेच शेअर कुटुंबाच्या एचयूएफच्या नावावर असते तर ही सवलत मिळाली नसती. बाकी तिघांचे 15,000, 9,000 आणि 5,100 मिळून 29,100. सरसकट तीन लाखांवर 10 टक्के काढले असते, तर आईंचे 900 उगाच कापले गेले असते. हा हिशोब लेखनिकानं बरोबर केला होता.

घोळ नोंदीत झाला. त्यानं सभेच्या दिवशी काहीच नोंदवलं नाही. 29 सप्टेंबरला पैसे पाठवले तेव्हा ‘लाभांश खर्च नावे, बँक जमा’ केलं आणि ऑक्टोबरमध्ये चलन भरलं ते ‘टीडीएस’ खात्याला नावे टाकलं. त्या कंपनीत या नावाचं खातं एकच होतं: ग्राहक बिलातून जो कर कापतात, तो येणं म्हणून दाखवणारं. म्हणजे भागधारकांचा कर कंपनीचीच जमा होऊन बसला! मी फॉर्म 26एएसशी ताळा घातला तेव्हा वहीत नेमके 29,100 जास्त निघाले. विवरणपत्रात ते मागितले असते, तर मिळाले नसतेच.

आम्ही नोंदी अशा दुरुस्त केल्या:

20 सप्टेंबर: राखीव नफा नावे 3,00,000, देय लाभांश जमा 3,00,000.
24 सप्टेंबर: लाभांश बँक खाते नावे 2,70,900, चालू खाते जमा.
29 सप्टेंबर: देय लाभांश नावे 3,00,000, देय टीडीएस जमा 29,100, लाभांश बँक खाते जमा 2,70,900.
6 ऑक्टोबर: देय टीडीएस नावे 29,100, चालू खाते जमा.

पहिली नोंद सभेच्या तारखेचीच हवी. संचालकांनी मे महिन्यात शिफारस केली म्हणून 31 मार्चच्या ताळेबंदात देणं दाखवू नका. सभा मंजूर करेपर्यंत ते देणंच नसतं, टिपेत उल्लेख पुरतो. घोषणेपासून पाच दिवसांत रक्कम वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते, म्हणून 24 तारखेची नोंद. सप्टेंबरमध्ये कापलेला कर 7 ऑक्टोबरपर्यंत भरायचा. उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज. या चार नोंदींनंतर देय लाभांश आणि देय टीडीएस ही दोन्ही खाती शून्यावर यायला हवीत. आली नाहीत तर पुढे जाऊच नका.

इथे देय लाभांश शून्यावर राहिला नाही, आणि तेही बरोबरच होतं. आत्यांच्या बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदलला होता, त्यामुळे त्यांचे 45,900 परत आले. लेखनिकानं ते ‘इतर उत्पन्न’मध्ये घातले होते. खरं तर लाभांश बँक खाते नावे आणि देय लाभांश जमा, एवढंच करायचं होतं. कापलेला कर उलटवायचा नाही. तो आत्यांच्या पॅनवर गेलेला असतो. घोषणेपासून 30 दिवसांत रक्कम पोचली नाही, तर पुढच्या सात दिवसांत ती न दिलेल्या लाभांशाच्या खास खात्यात टाकावी लागते, आणि सात वर्षं कुणी मागितली नाही तर ती केंद्र सरकारच्या आयईपीएफ निधीत जाते. आत्यांचा नवा आयएफएससी घ्यायला एक फोन पुरला.

वाचकांत कुणी असा भागधारक असेल, तर त्यानं एवढं लक्षात ठेवावं: आत्यांचं उत्पन्न 45,900 नव्हे, 51,000 आहे. विवरणपत्रात तेच दाखवायचं आणि 5,100 च्या कराचं श्रेय मागायचं. पैसे कधीही हातात पडोत, सभेनं लाभांश 2025 च्या सप्टेंबरात मंजूर केला, म्हणून तो 2025-26 चाच.