घोस्ट : स्वतःशीच शर्यत

प्रस्तावना

शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये ‘टाइम ट्रायल’ नावाचा एक प्रकार असतो. त्यात प्रतिस्पर्धी नसतात. ठरलेला मार्ग कमीत कमी वेळात पूर्ण करायचा असतो. तरीही खेळाडूच्या सोबतीने एक अर्धपारदर्शक गाडी धावत असते. तिला धडकता येत नाही. ती आरपार निघून जाते. ही गाडी म्हणजे आधीच्या फेरीची पुनरावृत्ती. तिला ‘घोस्ट’ म्हणतात. संपलेली फेरी पुन्हा जशीच्या तशी कशी उभी राहते, हे आपण या पाठात पाहू.

चित्र नव्हे, स्वरलिपी

घोस्ट म्हणजे आधीच्या फेरीचे चित्रीकरण, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तसे नसते. नोंद ठेवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत गाडी प्रत्येक क्षणी कोठे होती व कोणत्या दिशेला वळलेली होती, हे लिहून ठेवतात. दुसऱ्या रीतीत गाडीची जागा मुळीच लिहीत नाहीत. खेळाडूने कोणते बटन केव्हा व किती वेळ दाबले, एवढेच लिहितात. पहिली रीत गाण्याच्या ध्वनिमुद्रणासारखी, तर दुसरी स्वरलिपीसारखी आहे. स्वरलिपीत आवाज नसतो. पण सुरात लावलेल्या पेटीवर ती वाजवली, की तेच गाणे पुन्हा ऐकू येते.

निन्टेन्डो कंपनीच्या २००८ सालच्या ‘मारिओ कार्ट वी’ या गेममध्ये दुसरी रीत वापरली आहे. त्याच्या घोस्ट-फाइलची कमाल मर्यादा अवघी १०,२४० बाइट आहे. फाइलच्या आरंभी मार्ग, चालक, वाहन, तारीख, एकूण वेळ आणि प्रत्येक फेऱ्याचा वेळ यांची नोंद असते. त्यानंतर बटने, दिशा आणि कसरती यांच्या तीन स्वतंत्र नोंदवह्या येतात.

एक उदाहरण

हा गेम सेकंदाला सुमारे ६० चित्रे, म्हणजेच फ्रेम, दाखवतो. दिशेची आडवी स्थिती ० ते १४ या अंकांनी लिहितात : ० म्हणजे पूर्ण डावीकडे, ७ म्हणजे सरळ, १४ म्हणजे पूर्ण उजवीकडे. समजा, खेळाडू ५ सेकंद, म्हणजे ३०० फ्रेम, सरळ गेला आणि मग ४० फ्रेम डावीकडे वळला. ही ३४० फ्रेमची हकिगत ३४० वेळा लिहिली जात नाही. ‘स्थिती आणि कालावधी’ अशा जोड्या लिहिल्या जातात :

```
7, 255
7, 45
3, 40
```

कालावधीसाठी एकच बाइट असल्यामुळे त्यात २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणून सरळ जाण्याच्या दोन जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीला २ बाइट, म्हणजे सगळे मिळून ६ बाइट पुरले.

फेरी पुन्हा दाखवताना गेम घोस्टची गाडी आरंभरेषेवर उभी करतो आणि या आज्ञा क्रमाने तिला देतो. वेग, घसरण, उडी हे सारे गणित तो नव्याने करतो. आरंभ तोच, नियम तेच आणि आज्ञा त्याच असल्यास मार्गही तोच निघतो. म्हणूनच येथे नशिबाला थारा नसतो. टाइम ट्रायलमध्ये वाटेवर अनपेक्षित वस्तू मिळत नाहीत. वेग वाढवणारी तीन मशरूम आरंभीच हाती दिलेली असतात.

सूर चुकला तर

आता वरील ४५ च्या जागी चुकून ३५ पडले असे समजा. गाडी १० फ्रेम, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग, आधीच वळेल. दिशेच्या पुढील सर्व आज्ञा तेवढ्याच आधी येतील. बटनांची नोंदवही मात्र मूळ वेळेनेच चालेल. गाडी भिंतीला घासेल, आणि तरीही उरलेल्या आज्ञा आंधळेपणाने पाळत राहील. मूळ मार्गात कोणी बदल केला असेल, तरीही असेच घडते. भिंतीशी झटणारा घोस्ट आणि फाइलच्या आरंभी नोंदलेला उत्तम वेळ यांचा मेळ बसला नाही, की नोंद बिघडल्याचे ओळखावे.

असा बिघाड कळावा म्हणून फाइलच्या शेवटी एक पडताळणी-अंक असतो. तो आधीच्या सर्व बाइटांवरून काढलेला असतो. मधला एखादा बाइट बदलला, तर हिशेब जुळत नाही. मात्र तो प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. मुद्दाम वेळ कमी लिहिणारा माणूस हा अंकही नव्याने काढू शकतो. खरी कसोटी एकच : त्या आज्ञा पुन्हा चालवून पाहाव्यात आणि गाडी लिहिलेल्या वेळेत अंतिम रेषा ओलांडते का, ते पाहावे. ती कसोटीही आज्ञांपुरतीच असते. त्या माणसाच्या बोटांनी दिल्या की यंत्राने, हे ती सांगू शकत नाही.

पाठगत प्रश्न

१. ६०० फ्रेम सरळ जाण्याची नोंद करण्यास किती जोड्या लागतील?
२. पडताळणी-अंक जुळला, तरी लिहिलेली वेळ खरी मानता येईल का? सकारण लिहा.